पीएफची फाइल पोर्टलने परत पाठवली? कोणत्या ओळीत काय चुकलं ते असं वाचा

दर महिन्याच्या १० ते १५ तारखेदरम्यान तालुक्याच्या गावातल्या जिनिंग, दूध संस्था, पतसंस्था आणि खासगी शाळांच्या कार्यालयात एक काम हमखास अडतं. कामगारांच्या पीएफची फाइल पोर्टलवर चढवली जाते आणि थोड्या वेळात ती नापास होऊन परत येते. क्लार्क तीच फाइल पुन्हा चढवतो, ती पुन्हा परत येते. शेवटी सायबर कॅफेवाल्याला किंवा जिल्ह्याच्या गावातल्या सल्लागाराला फोन जातो. खरं तर फाइल कुठे चुकली हे पोर्टलने ओळ क्रमांकासकट सांगितलेलं असतं. ते नीट वाचलं तर बहुतेक चुका अर्ध्या तासात दुरुस्त होतात.

या फाइलला ईसीआर म्हणतात. ती साधी टेक्स्ट फाइल असते. एका कामगाराची एक ओळ आणि प्रत्येक ओळीत अकरा रकाने. क्रम असा: यूएएन, कामगाराचं नाव, एकूण पगार, पीएफचा पगार, पेन्शनचा पगार, विम्याचा पगार, कामगाराचा पीएफ हप्ता, मालकाकडून पेन्शनमध्ये जाणारी रक्कम, मालकाच्या वाट्यातून उरलेला फरक, बिनपगारी दिवस आणि परत केलेली उचल. दोन रकान्यांच्या मध्ये एक ठरलेली खूण लागते. बरोबर ओळ अशी दिसते:

```
100000000007#~#MEMBER NAME#~#14200#~#14200#~#14200#~#14200#~#1704#~#1183#~#521#~#0#~#0
```

वरचा यूएएन नमुन्यापुरता आहे. या ओळीत ती खूण दहा वेळा आली पाहिजे, कारण रकाने अकरा आहेत. बिनपगारी दिवस नसतील तर रकाना रिकामा सोडायचा नाही, तिथे शून्य लिहायचं. रक्कम पूर्ण रुपयांत, मध्ये स्वल्पविराम नाही आणि पैसेही नाहीत.

आधी बघायचं: सगळ्या ओळी चुकल्या की काहीच?

चुकांची यादी उघडली की पहिली गोष्ट मोजायची ती ओळींची संख्या. उदाहरणासाठी २४ कामगारांची एक दूध संस्था घेऊ. यादीत चोवीसच्या चोवीस ओळी आल्या, तर चोवीस वेगवेगळ्या चुका झालेल्या नसतात. एकच चूक सगळीकडे पसरलेली असते, आणि ती बहुतेक वेळा फाइल तयार करतानाची असते.

सर्वात नेहमीची चूक एक्सेल करतं. यूएएन बारा आकडी असतो. साध्या रकान्यात बारा आकडी संख्या टाकली की एक्सेल ती आखडून दाखवतं आणि फाइल सीएसव्ही करून जतन केली की दिसतं तेच लिहिलं जातं:

```
1.00E+11
```

पोर्टलला हा यूएएन वाटतच नाही. अशी फाइल पुन्हा उघडून रकाना रुंद करून उपयोग नाही, कारण मूळ आकडे तोवर गेलेले असतात. मूळ एक्सेलमध्ये यूएएनचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ प्रकारचा करायचा, यूएएन पुन्हा भरायचे आणि मग टेक्स्ट फाइल काढायची. चढवण्यापूर्वी ती नोटपॅडमध्ये उघडून डोळ्यांखालून घालायची. नोटपॅडमध्ये जे दिसतं तेच पोर्टल वाचतं.

सगळ्या ओळी चुकण्याचं दुसरं कारण म्हणजे दर. फाइल चढवताना वर्गणीचा दर निवडावा लागतो. बहुतेक आस्थापनांना १२ टक्के लागू आहे, वीटभट्टी किंवा विडी अशा काही उद्योगांना १० टक्के. फाइल १२ ने केली आणि निवडताना १० वर बोट पडलं, तर प्रत्येक ओळीचा हिशेब पोर्टलच्या हिशेबाशी भांडतो. इथे फाइलला हातही लावायचा नाही, फक्त निवड बदलायची.

मोजक्याच ओळी चुकल्या असतील तर

आपल्या दूध संस्थेची यूएएनची भानगड निस्तरली आणि दुसऱ्या वेळी यादीत चारच ओळी आल्या असं समजू: ५, ९, १४ आणि २१. आता ओळ शोधायची. इथे एक फसगत होते. एक्सेलमध्ये पहिल्या ओळीत मथळे असतात, टेक्स्ट फाइलमध्ये मथळे नसतात. त्यामुळे पोर्टलची ५ वी ओळ म्हणजे एक्सेलची ६ वी. अनेक जण इथेच एका ओळीने चुकतात, बरोबर असलेल्या कामगाराचे आकडे बदलतात आणि चुका चाराच्या पाच होतात. म्हणून ओळ क्रमांकाबरोबर यूएएनही जुळवून पाहायचा.

५ व्या ओळीत पगार १३,३२० रुपये आहे. क्लार्कने तिन्ही रकमा टक्क्यांनी वेगवेगळ्या काढल्या. १२ टक्के म्हणजे १,५९८.४०, धरले १,५९८. पेन्शनचे ८.३३ टक्के म्हणजे १,१०९.५६, धरले १,११०. उरलेले ३.६७ टक्के म्हणजे ४८८.८४, धरले ४८९. प्रत्येक आकडा एकेकटा बरोबर दिसतो. पण १,११० आणि ४८९ मिळून १,५९९ होतात, आणि वाटा तर १,५९८ आहे. एक रुपया जास्त झाला. फरकाचा रकाना टक्क्यांनी काढायचा नसतोच. बारा टक्क्यांच्या रकमेतून पेन्शनची रक्कम वजा करायची: १,५९८ वजा १,११०, म्हणजे ४८८. एक्सेलमधलं सूत्र एकदा असं बदललं की ही चूक पुढच्या महिन्यात येत नाही.

९ व्या ओळीतल्या कामगाराचा पगार १८,००० आहे, तो २०१४ च्या आधीपासून सभासद आहे आणि संस्था त्याचा पीएफ पूर्ण पगारावर भरते. क्लार्कने पगाराच्या चारही रकान्यांत १८,००० लिहिले. पीएफच्या पगाराला ते चालतं, पण पेन्शन आणि विम्याचा पगार १५,००० च्या वर जात नाही. ही मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासूनची आहे. म्हणून त्या दोन रकान्यांत १५,००० येतील. कामगाराचा हप्ता १८,००० वर २,१६०. पेन्शनची रक्कम १५,००० वर १,२५०. फरक ९१०.

१४ वी ओळ रात्रपाळीच्या वॉचमनची. पगार ११,०००, आकडेमोड पाहिली तर चोख. तरीही ओळ नापास, कारण त्याचं वय ५८ च्या पुढे गेलं आहे. ५८ पूर्ण झाल्यावर पेन्शनची वर्गणी थांबते, पीएफ मात्र नोकरी आहे तोवर चालू राहतो. जन्मतारीख पोर्टलकडे असते, म्हणून त्याला हे कळतं. या ओळीत पेन्शनचा पगार शून्य, पेन्शनची रक्कम शून्य. १२ टक्क्यांचे १,३२० रुपये कामगाराच्या हप्त्यात आणि तेवढेच १,३२० फरकाच्या रकान्यात. एक रुपयाही कमी होत नाही, फक्त रकाना बदलतो.

फाइल बरोबर, नोंद चुकलेली

२१ वी ओळ वेगळ्या जातीची आहे. पोर्टल म्हणतं, हा यूएएन या आस्थापनेत चालू नाही. इथे फाइलमध्ये कितीही खाडाखोड केली तरी उपयोग नाही, चूक फाइलच्या बाहेर आहे. कामगार नवा असेल तर त्याची आधी या आस्थापनेत सभासद म्हणून नोंदणी करावी लागते. तो जुना असेल तर कधीतरी त्याची नोकरी सोडल्याची तारीख चुकून भरली गेली असण्याची शक्यता असते. किंवा बारा आकड्यांतला एखादा आकडा इकडचा तिकडे झालेला असतो. तो कामगाराच्या पासबुकावरून ताडून पाहता येतो.

नेमक्या अशा वेळी सोपी वाट दिसते. ती ओळच काढून टाकायची, २३ जणांची फाइल पास करून घ्यायची. फाइल पास होते, पण त्या कामगाराच्या पासबुकात त्या महिन्याचं पान कोरं राहतं, आणि त्याच्या पगारातून हप्ता कापलेला असतो. १५ तारीख तोंडावर असेल आणि नोंद दुरुस्त व्हायला वेळ लागणार असेल, तर २३ जणांचं भरून टाकणं समजण्यासारखं आहे. मात्र राहिलेल्याचं नाव कागदावर लिहून ठेवून, नोंद दुरुस्त होताच त्याची पुरवणी फाइल भरलीच पाहिजे. उशिराबद्दल वर्षाला १२ टक्के व्याज लागतं. त्याशिवाय दंड वेगळा, जून २०२४ पासून तो महिन्याला १ टक्का आहे. हा भुर्दंड मालकावर पडतो, कामगाराच्या पगारातून तो कापता येत नाही.

पास झाली म्हणजे बरोबर झाली असं नाही

पोर्टल रकान्यांचा मेळ बघतं, हजेरीबुक बघत नाही. दोन कामगारांचे पगार एकमेकांच्या ओळीत गेले आणि दोन्ही ओळींतली आकडेमोड बरोबर असली, तर फाइल विनातक्रार पास होते. एखादा माणूस आठ दिवस बिनपगारी होता आणि त्या रकान्यात शून्य पडला, तरी पोर्टलला पत्ता लागत नाही. काही ठिकाणी ओळ पास व्हावी म्हणून पगाराचा आकडाच खाली-वर केला जातो. ती तर सरळ खोटी नोंद ठरते, आणि तिचा फटका निवृत्तीच्या वेळी कामगाराला बसतो.

म्हणून फाइल पास झाल्यावर चलन पक्कं करण्यापूर्वी तीन आकडे पगारपत्रकाशी जुळवायचे: कामगारांची संख्या, पीएफच्या पगाराची बेरीज आणि कामगारांकडून कापलेल्या हप्त्यांची बेरीज. आपल्या दूध संस्थेत पगारपत्रकात २४ आणि पोर्टलवर २३ दिसले, तर २१ व्या ओळीचा तो कामगार अजून बाहेरच आहे, हे तिथल्या तिथे कळतं.