नव्या लिस्टिंगचा निकाल कधी लावायचा?

अ‍ॅमेझॉनवर नवी वस्तू चढवली की आठवडाभरातच विक्रेत्याचे हात शिवशिवू लागतात. ऑर्डर आली नाही, म्हणजे शीर्षक चुकलं असणार, बदलून टाकू. चार दिवसांनी पुन्हा बदलू. महिनाअखेरीस चार शीर्षकं लावून झालेली असतात आणि त्यांतलं कुठलं चालत होतं हे सांगता येत नाही. किती दिवस थांबायचं याला एकच एक उत्तर नाही, कारण एका दुकानात दिवसाला दोनशे माणसं येतात, तर दुसऱ्यात पाच. मोजायची ती माणसं.

शीर्षक आणि आतला मजकूर यांची कामं वेगळी, म्हणून मोजमापही वेगळं. शोधाच्या यादीत वस्तू किती वेळा दिसली आणि त्यांतले किती जण आत आले, यावरून शीर्षकाचा अंदाज येतो. आत आलेल्यांपैकी किती जणांनी विकत घेतलं, यावरून फोटो, वर्णन आणि किंमत कशी आहे ते कळतं. Business Reports मध्ये Sessions हा आकडा आत आलेल्यांचा असतो. एकाच ग्राहकाने २४ तासांत पान कितीदाही उघडलं, तरी ती एकच भेट धरली जाते. यादीत किती वेळा दिसलं आणि किती क्लिक झाले, हे जाहिरातीच्या अहवालात मिळतं.

समजा, सावंतवाडीच्या लाकडी फळांचा सेट विकायला ठेवला आहे. विक्रेत्याच्या अशाच इतर खेळण्यांना शंभर भेटींमागे साधारण दोन ऑर्डर मिळतात. पहिल्या आठवड्यात नव्या सेटच्या पानावर ४० भेटी झाल्या, ऑर्डर शून्य. मजकूर वाईट आहे का? मजकूर अगदी चांगला असता, तरीही ४० भेटींत एकही ऑर्डर न येण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के आहे. म्हणजे या शून्यातून जवळपास काहीच कळत नाही. १०० भेटींनंतरही शून्यच राहिलं, तर ही शक्यता १३ टक्क्यांवर येते. १५० भेटींनंतर ती ५ टक्क्यांच्या खाली जाते आणि तेव्हा मात्र दोष पानातच आहे असं मानायला हरकत नाही.

हा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे: ३ ला अपेक्षित दराने भागायचं. दोन टक्क्यांच्या अपेक्षेला ३ भागिले ०.०२, म्हणजे १५० भेटी. एक टक्क्याची अपेक्षा असेल तर ३००. आपल्या सेटला १५० भेटींत एकच ऑर्डर आली, तर निकाल लावू नये, ३०० पर्यंत थांबावं. तिथे सहा ऑर्डर अपेक्षित असताना दोन किंवा त्याहून कमी मिळाल्या, तर वर्णन आणि फोटो हाती घ्यावेत.

शीर्षकाचा हिशेबही याच पद्धतीने होतो. यादीत दिसल्यावर शंभरात एक जण आत येईल अशी अपेक्षा असेल, तर ३०० वेळा दिसूनही एकही क्लिक न येणं हा इशारा आहे. मात्र तो इशारा एकट्या शीर्षकाबद्दल नसतो. यादीत मुख्य फोटो, किंमत आणि तारेही दिसतात. शिवाय आधी एक गोष्ट तपासावी. जाहिरातीच्या अहवालात लोकांनी कोणते शब्द टाइप केले तेही दिसतं. प्लास्टिकची खेळणी शोधणाऱ्यांसमोर लाकडी सेट येत असेल, तर क्लिक न येणं स्वाभाविक आहे. तिथे चूक शब्द जुळवण्याची आहे. आणि वस्तू यादीत दिसतच नसेल, तर तिच्यावर क्लिक का होत नाही हा प्रश्न उद्भवतच नाही.

मोजताना काही पथ्यं पाळावी लागतात. आठवडे पूर्ण धरावेत, कारण शनिवार-रविवारचा ग्राहक वेगळा असतो. दिवाळीच्या आधीचे दिवस आणि नंतरचे दिवस एकत्र करू नयेत. माल संपला होता ते दिवस वगळावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तारीख लिहून ठेवावी. किती भेटींनंतर निकाल लावायचा, तो आकडा आधीच वहीत टिपावा. नाहीतर आकडे आपल्या मनासारखे दिसले की आपण तिथेच थांबतो. चुकलेलं माप, चुकीचा रंग किंवा शुद्धलेखनाची चूक मात्र दिसताक्षणी दुरुस्त करावी.

आठवड्याला पाचच भेटी होत असतील, तर १५० व्हायला ३० आठवडे लागतील. इतकं थांबण्यात अर्थ नाही. अशा वेळी नेमक्या शब्दांवर थोडी जाहिरात करून भेटी विकत घ्याव्यात आणि तेवढ्यावर निकाल लावावा.

या हिशेबाला मर्यादाही आहे. त्यातून फक्त मोठे दोष पकडता येतात. दोन टक्क्यांचं पान अडीच टक्क्यांचं झालं की नाही हे खात्रीने सांगायला दोन्ही मजकुरांना प्रत्येकी सुमारे चौदा हजार भेटी लागतात. लहान विक्रेत्याला त्या वर्षभरातही मिळत नाहीत. म्हणून त्याने शीर्षकातला एखादा शब्द पुढेमागे करण्यात वेळ घालवू नये. फरक पडायचा असेल तर बदल मोठा करावा: वेगळा मुख्य फोटो, मापं दाखवणारं चित्र किंवा नवी किंमत.