‘अगदी अशीच करून द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकाला उत्तर

जाहिरातीची कामं करणाऱ्या छोट्या स्टुडिओंना हल्ली एक निरोप हमखास येतो. स्पर्धकाच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि खाली एक ओळ: “एआयवर अगदी अशीच करून द्या, फक्त पाकीट आपलं ठेवा.” पूर्वी असली नक्कल करायची तर फोटोग्राफर, जागा, सामान, सगळंच नव्यानं जमवावं लागे, आणि त्या खर्चापायीच बरेचजण थांबत. आता ते चित्र काही मिनिटांत तयार होतं. मागणाऱ्याच्या मनात बहुधा खोट नसते. दुसऱ्याचा फोटो उचलला तर चोरी, पण यंत्रानं नवं चित्र काढून दिलं म्हणजे ते आपलंच, असं त्याला मनापासून वाटत असतं. उत्तराच्या पत्रानं भिडायला हवं ते या समजुतीला. नुसतं ‘कॉपीराइटमुळे जमणार नाही’ एवढंच लिहिलं, तर ग्राहक शेजारच्या स्टुडिओकडे जातो.

ही समजूत किती महागात पडते, ते लंडनच्या एका खटल्यात नीट दिसतं. टेम्पल आयलंड कलेक्शन्स ही लंडनच्या भेटवस्तू विकणारी कंपनी. तिचं एक चित्र लोकप्रिय होतं: वेस्टमिन्स्टर पुलावरून जाणारी लालभडक बस, मागे करड्या रंगातलं पार्लमेंट, वर कोरं पांढरं आकाश. न्यू इंग्लिश टीज या चहा विकणाऱ्या कंपनीनं आपल्या डब्यांसाठी त्याच धर्तीचं चित्र तयार करून घेतलं. त्यासाठी मूळ फोटो वापरलाच नाही. पार्लमेंटचे फोटो स्वतः काढले, बसचा वेगळा फोटो मिळवला आणि संगणकावर ते जोडले. तरीही 2012 साली न्यायाधीश बिर्स यांनी चहा कंपनीच्या विरोधात निकाल दिला. लाल बस कुणाच्या मालकीची नाही, पार्लमेंटही नाही. पण बस कुठे, रंग कशाला ठेवायचा, कशाचा काढायचा, आकाश मोकळं का सोडायचं, या निवडी एका माणसाच्या कष्टाच्या होत्या आणि त्याच पुन्हा उचलल्या होत्या. एकही पिक्सेल न उचलता नक्कल होऊ शकते, ती अशी.

हा निकाल इंग्लंडचा, तो भारतात बंधनकारक नाही आणि तिथेही त्यावर टीका झाली. पण आपल्याकडचा धागा फार वेगळा नाही. ‘आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स’ या 1978 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीवर असतो. आणि दोन्ही कृती पाहणाऱ्याला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असं ठामपणे वाटलं, तर प्रकरण गंभीर होतं. शिवाय जाहिरात क्षेत्राची स्वनियंत्रण संस्था ‘आस्की’ हिच्या संहितेत तर स्पष्टच आहे: दुसऱ्याच्या आधीच्या जाहिरातीची एकूण रचना, मजकूर, घोषवाक्य किंवा दृश्यमांडणी अशी घेऊ नये, की उचलेगिरी वाटावी.

आता एक नमुना घेऊ. समजा, ग्राहक कोल्हापूरकडचा कांदा-लसूण मसाला विकतो. स्पर्धकाच्या जाहिरातीत गडद हिरव्या कापडावर पितळी ताट आहे, कॅमेरा बरोबर वरून, डाव्या वरच्या कोपऱ्यातून तिखटाची धार पडते आहे, हिरव्या बांगड्यांचा एकच वयस्क हात, आणि उजवीकडे खाली तिरकं ठेवलेलं पाकीट. यातलं काय सगळ्यांचं आणि काय त्यांचं, हे ग्राहकासमोर वेगळं काढून ठेवणं हाच पत्राचा गाभा:

“स.न.वि.वि. साहेब, आपण पाठवलेली जाहिरात पाहिली. आपल्याला ती का आवडली हेही लक्षात आलं: ‘घरी कुटलेला मसाला’ ही भावना ती एका नजरेत पोचवते. ती भावना, मिरची, पितळेचं भांडं, आजीचा हात, यांवर कुणाचाही हक्क नाही, त्यामुळे ते सगळं आपण मोकळेपणी वापरू. मात्र वरून घेतलेला कोन, हिरवं कापड, कोपऱ्यातून पडणारी धार, एकच हात आणि तिरकं पाकीट ही जुळणी त्यांची आहे. ती तशीच्या तशी आम्ही करून देणार नाही. आणि धंद्याच्या दृष्टीनंही विचार करावा: ते चित्र लोकांच्या डोळ्यांत आधीच बसलेलं आहे. आपलं पाहून आठवण त्यांच्या नावाची होईल, आणि पैसे मात्र आपले जातील.”

नकार इथे संपतो आणि पर्याय लगेच सुरू होतो. मध्ये दिलगिरीचे परिच्छेद नकोत. पर्याय ग्राहकाच्या घरातलाच असावा:

“आपला मसाला अजून डंकावर कुटला जातो, हे आपणच सांगितलं होतं. तेच दाखवू. सकाळच्या उन्हात पांढऱ्या धोतरावर पसरलेली मिरची, बाजूला भाजलेलं खोबरं, सोललेला लसूण, मागे डंक. कॅमेरा बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर. पाकीट मात्र खरंच फोटो काढून चित्रात बसवू, कारण एआय पाकिटावरची अक्षरं बिघडवू शकतं आणि मसाल्याचा रंगही मनाचा लावू शकतं. तीन वेगळे कच्चे नमुने शुक्रवारी पाठवतो.”

पत्राचा तिसरा भाग कामाच्या पद्धतीचा, आणि तो बहुतेक जण लिहीतच नाहीत. चित्र बनवणाऱ्या साधनांत एखादा फोटो संदर्भ म्हणून देता येतो. स्टेबल डिफ्यूजनसारख्या साधनात ‘डिनॉइझिंग स्ट्रेंग्थ’ नावाचा आकडा 0 ते 1 च्या दरम्यान ठेवतात. तो खाली, म्हणजे 0.3 च्या आसपास असेल, तर मूळ फोटोचा सांगाडा जवळपास जसाच्या तसा राहतो, वरचा पोत तेवढा बदलतो. स्पर्धकाची जाहिरात तिथे टाकली, की ‘नवं चित्र’ हे म्हणणं टिकत नाही. म्हणून पत्रात लिहावं: “त्यांची जाहिरात संदर्भ म्हणून साधनात टाकणार नाही, वर्णनात त्यांचं नावही घालणार नाही. वर्णन आपल्या मसाल्याचं असेल.” आणि हे शब्द पाळले गेलेत हे दाखवता यावं यासाठी प्रत्येक नमुन्यामागचं वर्णन आणि कच्ची चित्रं तारखेसह जपून ठेवावीत.

एवढं करूनही साम्य उतरू शकतं, कारण आपल्या डोक्यातही ती जाहिरात घोळत असते. पाठवण्यापूर्वी दोन्ही चित्रं काळी-पांढरी करावीत, टपाल तिकिटाएवढी लहान करून शेजारी ठेवावीत. तपशील निघून गेला की जुळणी उघडी पडते. काम न पाहिलेल्या कुणाला तरी विचारावं, की हे दोन्ही एकाच कंपनीचे वाटतात का. ‘हो’ आलं, तर रंग बदलून भागत नाही. कोन आणि वस्तूंच्या जागाच बदलाव्या लागतात.

ग्राहकाचा तो पहिला निरोपही हलक्यानं घेऊ नये. स्वतंत्रपणे सुचलेलं साम्य ही नक्कल ठरत नाही. वाद झाला तर मूळ चित्र समोर होतं का, हे महत्त्वाचं ठरतं. ‘अगदी अशीच’ ही ओळ आणि वर स्पर्धकाचा स्क्रीनशॉट म्हणजे त्याचा तयार पुरावा. म्हणून बोलणं फोनवर झालं असलं, तरी उत्तर लेखीच द्यावं आणि त्यात ती मागणी स्वीकारलेली नाही हे साध्या शब्दांत यावं.

काही ग्राहक तरीही म्हणतात, “तुम्ही करा, जबाबदारी माझी, हवं तर लिहून देतो.” त्याला पत्रात शेवटची दोन वाक्यं पुरेत: असं लिहून दिल्यानं नुकसानभरपाईचे पैसे कुणी भरायचे एवढंच आपल्या दोघांत ठरतं. चित्र तयार करणारा म्हणून आमच्यावर दावा लावायचा मूळ मालकाचा हक्क त्यानं जात नाही, आणि भरचौकात लावलेले फलक उतरवायचा आदेश आला तर ते आपल्यालाच उतरवावे लागतील.