चार खाड्यांचं पुस्तक

कोकणची किनारपट्टी हिंडून आलेल्या माणसाच्या वहीत काय काय असतं? सकाळी किती वाजता निघालो, दिवेआगरला कुठे उतरलो, गुहागरला काय जेवलो. हे सगळं त्याच क्रमाने छापलं, तर वाचक तिसऱ्या दिवशीच गळतो. दुसऱ्याचं वेळापत्रक तो कशाला वाचेल?

पण याच वहीत आणखी एक गोष्ट पुन्हापुन्हा येते. मुरुडहून किनाऱ्याने दक्षिणेला निघालं की रस्ता पाण्याशी येऊन थांबतो आणि गाडी फेरीबोटीत चढवावी लागते. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, अशा चार खाड्या. आता वहीला एकच प्रश्न विचारायचा: या खाड्यांनी किनारा तोडला की जोडला? पुस्तकाचं सूत्र हेच.

मग प्रत्येक नोंद वेगळ्या कागदावर उतरवायची आणि तिच्यावर खाडीचं नाव टाकायचं. प्रकरणं चार, दिवस कितीही असोत. दाभोळच्या गठ्ठ्यात बोटीवरचं मासळीवालीचं बोलणं, दाभोळचं जुनं बंदर आणि वाशिष्ठीच्या मुखावरचा गोपाळगड असे शेजारीशेजारी येतात. किल्ला पाहिला पहिल्या दिवशी, मासळीवाली भेटली परतताना, तरी बिघडत नाही. दोघंही त्याच पाण्याबद्दल सांगतात: माल आत याच वाटेने जायचा, म्हणून तर पहारा हवा होता. प्रवास उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत असल्यामुळे तारखा गाळल्या तरी वाचक वाट चुकत नाही.

गुहागरचं जेवण मात्र कापायचं. जिवावर येतं, कारण बहुधा तीच नोंद सर्वांत रसाळ उतरलेली असते.

सूत्र फसलंय हे गठ्ठे पाहून कळतं. ‘कोकणचं सौंदर्य’ धरलं, तर एकही कागद बाहेर पडत नाही. ते सूत्रच नव्हे. ‘जांभ्याची घरं’ धरलं आणि हाती जेमतेम चार-पाच नोंदी उरल्या, तर तो एखादा लेख होईल, पुस्तक नाही. खाड्यांचं जमतं, पण भोकंही लगेच दिसतात. बोट नव्हती तेव्हा पलीकडे दिलेली मुलगी माहेरी कशी यायची? बोट बंद असताना आजाऱ्याला कुठून नेत? वहीत याचं उत्तर नसेल, तर तेवढ्यासाठी पुन्हा जावं लागतं.

सूत्राचा मोहही वाईट. ब्रूस चॅटविनने ‘इन पॅटागोनिया’ (१९७७) हे पुस्तक आजीच्या कपाटातल्या एका प्रागैतिहासिक प्राण्याच्या कातड्याच्या तुकड्यावर उभं केलं आणि शेवटी वाचकाला तो ज्या गुहेतून आला तिथवर नेलं. बांधणी अप्रतिम, पण त्यात आलेल्या तिथल्या काही लोकांनी पुढे तक्रार केली, की आम्ही असे नव्हतो. आपल्या खाडीकाठच्या तांडेलाला बोटीचं काहीच वाटत नसेल, रोजचंच म्हणून तो खांदे उडवत असेल, तर ते तसंच लिहायचं.