पडद्यावरचा तक्ता कागदावर उतरवताना

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची प्रत्येक गाडी दोनदा तोलली जाते: आत येताना भरलेली, बाहेर पडताना रिकामी. शेजारच्या संगणकावर गाडीचा क्रमांक, भरलेलं वजन, रिकामं वजन आणि निव्वळ वजन असा तक्ता दिवसभर वाढत जातो. समजा, या संगणकाला इंटरनेट नाही, पेनड्राइव्ह लावायला मनाई आहे आणि प्रिंटर बंद पडला आहे. मग परवानगी घेऊन मोबाइलने पडद्याचा फोटो काढायचा आणि त्यातले आकडे दुसऱ्या संगणकात घ्यायचे, एवढाच मार्ग उरतो. फोटो मोबाइलवर बरा दिसतो. तो मोठा करून पाहिला की आकड्यांवरून तांबूस-हिरवे, लाटांसारखे पट्टे गेलेले दिसतात आणि एका कोपऱ्यात ट्यूबलाइटची पांढरी रेघ सहा-सात रकाने गिळून बसलेली असते.

या पट्ट्यांना मॉरे म्हणतात. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर आले की कापडात नसलेल्या लाटा दिसू लागतात, तसाच हा प्रकार. इथे एक जाळी पडद्याची असते आणि दुसरी कॅमेऱ्याची. 24 इंची फुल एचडी मॉनिटरवर आडव्या ओळीत 1920 ठिपके असतात आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर सुमारे 0.28 मिलिमीटर भरतं. मोबाइलच्या सेन्सरवर लाल, हिरवे आणि निळे गाळणीचे चौकोन ठरावीक क्रमाने बसवलेले असतात. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांनी या रचनेचं पेटंट 1976 मध्ये मिळवलं. तिच्यात रंगांचा क्रम दर दोन ठिपक्यांनी पुन्हा येतो.

आता थोडा हिशेब. 12 मेगापिक्सेलचा फोटो 4000 ठिपके रुंद असतो. त्यात पडद्याची पूर्ण रुंदी बसवली, तर पडद्याच्या एका ठिपक्याच्या वाट्याला कॅमेऱ्याचे 2.08 ठिपके येतात. कॅमेऱ्याची जाळी दर 2 ठिपक्यांनी फिरते, पडद्याची दर 2.08 ठिपक्यांनी. दोघींचा मेळ चुकत जातो आणि 50 ठिपक्यांनंतर पुन्हा जुळतो, कारण तिथे पडद्याचे 24 ठिपके आणि कॅमेऱ्याच्या 25 जोड्या एकाच जागी येतात. म्हणून दर 50 ठिपक्यांवर एक पट्टा उमटतो. एक्सेलमधली नेहमीची ओळ पडद्यावर 20 ठिपके उंच असते, म्हणजे फोटोत सुमारे 42. पट्ट्यांमधलं अंतर आणि ओळींमधलं अंतर इतकं जवळ आलं की अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर पट्ट्यालाच तक्त्याची रेघ समजतं. संपूर्ण पडदा एका फोटोत मावेल असं अंतर माणूस सहजच निवडतो, आणि नेमकं तेच सर्वांत वाईट अंतर ठरतं.

फोटो काढून झाल्यावर तो धूसर करून पट्टे जात नाहीत, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. जाळ्या बारीक असल्या तरी त्यांच्या भांडणातून उमटलेला पट्टा अक्षरापेक्षा मोठा असतो. त्याला पुसू गेलं तर अक्षर आधी पुसलं जातं. उपाय करायचा तो बटण दाबण्यापूर्वी.

पहिला उपाय पडद्यावरच आहे. एक्सेलमध्ये Ctrl दाबून माउसचं चाक फिरवावं आणि तक्ता 150 ते 200 टक्के मोठा करावा. पडद्याचे ठिपके तेवढेच राहतात, अक्षरं मात्र मोठी होतात. 100 टक्क्यांवर आकड्याची रेघ जेमतेम एका ठिपक्याची असते. 200 टक्क्यांवर ती साधारण दुप्पट जाड होते, आणि आता ठिपक्यांची जाळी घालवूनही आकडा टिकू शकतो. मग कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये फोकसची पट्टी किंचित सरकवावी, इतकी की ठिपके विरघळतील पण आकड्यांच्या कडा शाबूत राहतील. हा धूसरपणा सेन्सरपर्यंत पोचण्याआधी, भिंगातच तयार होतो. म्हणून तो चालतो.

दुसरा उपाय म्हणजे जवळ जाणं. साधारण 40 सेंटिमीटरवरून पूर्ण रुंदी फोटोत येते. 20 सेंटिमीटरवर अर्धीच येते, पण पडद्याच्या एका ठिपक्याला कॅमेऱ्याचे चार ठिपके मिळतात आणि रुंद पट्टे बहुतांशी नाहीसे होतात. मोबदल्यात फोटो जास्त काढावे लागतात. अशा वेळी Freeze Panes वापरून गाडी क्रमांकाचा रकाना प्रत्येक तुकड्यात दिसेल असं करावं आणि लागोपाठच्या दोन फोटोंत दोन ओळी सामाईक ठेवाव्यात. तुकडे जोडताना एखादी गाडी गळली की दोनदा आली, ते त्यावरून लगेच कळतं.

फोटो तपासायचा तो पूर्ण आकारात. मोबाइलच्या छोट्या चित्रात दिसणारे पट्टे कधी कधी चित्र लहान केल्यामुळेच उमटलेले असतात आणि मूळ फोटो स्वच्छ असतो. याच कारणाने व्हॉट्सअ‍ॅपवर तो फोटो म्हणून पाठवू नये. तिथे त्याचा आकार घटतो आणि नवे पट्टे तयार होऊ शकतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की मूळ फाइल जशीच्या तशी पोचते.

काही पट्टे मॉरेचे नसतातच. फोनच्या एका कडेला समांतर, सरळ, काळपट आणि फोटो काढण्यापूर्वीच हळूहळू सरकताना दिसणारे पट्टे पडद्याच्या प्रकाशाच्या लुकलुकीमुळे येतात. अंतर बदलून ते जात नाहीत. शटरचा वेग 1/30 सेकंदापर्यंत कमी केला की बहुधा जातात. फोन मात्र टेकवून धरावा लागतो.

चकाकीची परीक्षा सोपी आहे. मॉनिटर क्षणभर बंद करावा आणि फोन जिथे धरायचा तिथे डोळा नेऊन काळ्या काचेत पाहावं. जे दिसेल ते सगळं फोटोत आकड्यांवर येणार: खिडकी, ट्यूबलाइट, पांढरा शर्ट. फ्लॅश बंद, मागचा दिवा बंद, खिडकीवर पडदा आणि फोनच्या मागे गडद कापड धरलं की बहुतेक काम होतं. दिवा बंद करता येत नसेल तर थोडं बाजूला सरकून फोटो घ्यावा. तिरका आलेला तक्ता चार कोपरे दाखवून सॉफ्टवेअरमध्ये सरळ करता येतो. पांढऱ्या झोतात पूर्ण जळालेला आकडा मात्र कोणतंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. म्हणून फोटो किंचित गडद ठेवणंच बरं.

आकडे बाहेर काढायला मोबाइलच्या एक्सेलमधली फोटोवरून तक्ता घेण्याची सोय पुरते. संगणकावर टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं तर ही आज्ञा द्यावी:

```
tesseract takta.png out --psm 6 tsv
```

out.tsv या फाइलमध्ये प्रत्येक शब्दाची जागा आणि conf या रकान्यात खात्रीचा आकडा मिळतो. कमी खात्रीच्या ओळी आधी पाहाव्यात, पण सॉफ्टवेअर पूर्ण खात्रीनेही चुकतं. इथे वजनकाट्याचा तक्ता स्वतःच मदतीला येतो, कारण भरलेल्या वजनातून रिकामं वजा केलं की निव्वळ वजन यायलाच हवं.

समजा, पडद्यावर 26.380, 8.140 आणि 18.240 टन असे आकडे होते आणि सॉफ्टवेअरने पहिला 26.330 वाचला. वजाबाकी 18.190 येते, फरक 0.050 पडतो. डावी बाजू पट्ट्याखाली गेली की 8 चा 3 होतो, आणि या दोन अंकांमध्ये फरक 5 चाच असतो. म्हणून 5, 0.5 किंवा 0.05 असा फरक दिसला की त्या स्थानावरचे 3 आणि 8 आधी पाहावेत. फरक 6 चा असेल तर 1 आणि 7 पाहावेत. एखादं वजन एकदम हजारपट झालं असेल तर दशांशचिन्ह हरवलेलं असतं. गाडी क्रमांकाला अशी कोणतीही वजाबाकी लागू होत नाही. तो रकाना फोटो समोर ठेवून, एकाने मोठ्याने वाचत आणि दुसऱ्याने खूण करत तपासावा लागतो.