ग्रुप गप्प, आईचा फोन चालू

सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून वाद पेटला की उशाशी ठेवलेला फोन टिंग-टिंग करत राहतो. वैतागून आपण अख्खा फोन सायलेंट करतो आणि त्यात गावाहून आलेला आईचा फोनही बुडतो. आवाजाचं बटण खाली दाबण्यातही हाच धोका आहे, कारण अनेक फोनमध्ये रिंग आणि नोटिफिकेशनचा आवाज एकत्रच कमी होतो.

खरं तर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये साधे मेसेज, ग्रुपचे मेसेज आणि कॉल यांचे आवाज वेगवेगळे ठरवता येतात. सिमवरून येणाऱ्या साध्या फोनचा तर त्यांच्याशी संबंधच नाही.

समजा, आई साताऱ्याला आहे आणि मुलगी पुण्यात. आई दिवसा साधा फोन करते, रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल. मुलीला ग्रुपचा गलका नको आहे. तिच्याकडे अँड्रॉइड फोन असेल तर तिने व्हॉट्सअ‍ॅपच्या Settings मध्ये Notifications उघडावं. तिथे Groups खालच्या Notification tone वर जाऊन None निवडावं. फोन थरथरायलाही नको असेल तर Vibrate बंद करावं. Calls खालच्या Ringtone ला मात्र हात लावू नये. एवढ्यावर ग्रुप गप्प होतात. मेसेज येतात, पण आवाजाविना.

एकच ग्रुप छळत असेल तर तो उघडून Mute करावा. आठ तास, एक आठवडा किंवा कायमचं, असे पर्याय मिळतात.

सगळेच मेसेज गप्प करायचे, पण आईचा मेसेज ऐकू यायला हवा, असं असेल तर Messages खालीही None ठेवावं. मग आईचं चॅट उघडून वरच्या नावावर टॅप करावं आणि तिथल्या नोटिफिकेशनच्या पर्यायात तिच्यासाठी वेगळी धून निवडावी. स्वतंत्र निवडलेली धून सर्वसाधारण सेटिंगपेक्षा वरचढ ठरते. म्हणूनच सगळं None करूनही एखादा ग्रुप वाजत राहिला, तर त्याला पूर्वी कधीतरी वेगळी धून दिली होती का, ते आधी पाहावं.

घाईत फोनच्या सेटिंगमधून व्हॉट्सअ‍ॅपची सगळीच नोटिफिकेशन बंद करू नयेत. तसं केलं तर मेसेजबरोबर व्हॉट्सअ‍ॅप कॉलची सूचनाही जाते आणि आईचा व्हिडिओ कॉल येऊन गेल्याचं नंतर कळतं. आवाज काढणं आणि परवानगी काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शेवटी खात्री करून घ्यावी. फोनचा स्क्रीन लॉक करून घरातल्या कुणाला तरी ग्रुपवर मेसेज टाकायला सांगावं, मग व्हॉट्सअ‍ॅप कॉल आणि त्यानंतर साधा फोन करायला. मेसेज गुपचूप आला आणि दोन्ही कॉल वाजले, तर काम झालं. साधा फोन वाजला, पण व्हॉट्सअ‍ॅप कॉल वाजला नाही, तर घोटाळा Calls च्या Ringtone मध्ये किंवा परवानगीत आहे. दोन्ही वाजले नाहीत, तर फोनच सायलेंटवर राहिला आहे.