बिल झाल्यावरची सूट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लग्नाच्या बस्त्यात भाव दोनदा निघतो. पहिल्यांदा गादीवर, साड्या उलगडलेल्या असताना. तिथे घासाघीस होते, दुकानदार थोडा उतरतो, घेणारे थोडे चढतात आणि सौदा ठरतो. दुसऱ्यांदा निघतो तो गल्ल्यापाशी, बिल होऊन पैसे चुकते झाल्यावर. पिशव्या हातात आलेल्या असतात आणि वऱ्हाडातली एखादी वडीलधारी व्यक्ती म्हणते, ‘‘एवढा मोठा बस्ता केला, आता वरचे तीन हजार सोडा की.’’ पहिल्या मागणीला व्यापारात जागा आहे. दुसऱ्या मागणीला नम्रपणे नकार द्यायचा असतो, आणि नेमके याच बाबतीत गल्ल्यावर बसणाऱ्यांच्या मनात सर्वात जुना आणि सर्वात महागात पडणारा गैरसमज घर करून आहे: ‘नाही म्हटले की गिऱ्हाईक तुटते.’

हे वाक्य बाप मुलाला आणि मालक नोकराला इतक्या खात्रीने सांगतो की ते कोणी तपासूनच पाहत नाही. तपासायला एकच गोष्ट पाहावी लागते: ही सूट मागतो कोण? साड्या निवडणाऱ्या नवऱ्यामुलीने किंवा तिच्या आईने ती सहसा मागितलेली नसते. त्यांनी चार दुकाने पालथी घातलेली असतात, रंग-पोत-काठ पाहिलेले असतात आणि आपल्याला भाव पटला म्हणून पैसे दिलेले असतात. मागणी येते ती निवडीत भाग न घेतलेल्या मामांकडून किंवा आत्याबाईंकडून. बस्त्याला आपण आलो होतो याची काहीतरी खूण राहावी, एवढाच तिचा अर्थ पुष्कळदा असतो. अशा माणसाला नकाराचा राग येत नाही. चारचौघांत आपला शब्द हलका पडल्याचा राग येतो. दोन्हींत फरक आहे, आणि नकार कसा द्यावा याची सगळी कला त्या फरकातच आहे.

उलट, सूट दिल्याने गिऱ्हाईक टिकते हे तरी कशावरून? गादीवरच्या विक्रेत्याने अर्ध्या तासापूर्वी ‘‘याच्याखाली होणार नाही’’ असे शपथेवर सांगितलेले असते. गल्ल्यावर तीन हजार सुटले की तो खोटा ठरतो आणि सांगितलेला भाव फुगवलेला होता, हे दुकानाने स्वतःच कबूल केल्यासारखे होते. वऱ्हाडात दहा-पंधरा माणसे असतात. त्यांतला प्रत्येक जण पुढच्या खरेदीला ‘तिथे बिल झाल्यावरही सोडतात’ ही माहिती घेऊन येतो. दुकानाला मिळते ते हे गिऱ्हाईक.

आता पैशाचा हिशेब. साड्यांवर ५ टक्के जीएसटी लागतो. समजा, बस्त्याची करापूर्वीची किंमत ६०,००० रुपये झाली. कर ३,००० आणि बिल ६३,०००. समजा, हा माल दुकानाला कर वगळून ४८,००० रुपयांना पडला आहे. म्हणजे हातात १२,००० दिसतात. त्यातून भाडे, पगार, वीज आणि न खपलेल्या मालात अडकलेल्या पैशाचे व्याज वजा जाऊन पाचएक हजार उरत असतील, तर ‘वरचे तीन हजार’ म्हणजे बिलाचे पाच टक्केसुद्धा नव्हेत, पण या बस्त्यातून सुटणाऱ्या खऱ्या नफ्याचा निम्म्याहून मोठा भाग होय. मामांना पाच टक्के दिसतात. दुकानदाराने तरी साठ टक्के पाहायला हवेत.

शिवाय गल्ल्यातून तीन हजारांच्या नोटा काढून दिल्या म्हणून प्रकरण मिटत नाही. वहीत विक्री ६०,००० आणि कर ३,००० असाच राहतो आणि परत दिलेल्या पैशावरचा करही दुकानाला पदरचा भरावा लागतो. नीट कागद करायचा तर क्रेडिट नोट काढावी लागते. ३,००० रुपयांच्या क्रेडिट नोटेत मालाची किंमत २,८५७ रुपये १४ पैसे आणि कर १४२ रुपये ८६ पैसे अशी फोड होते. पण ती काढूनही करातली ही घट मान्य होईलच असे नाही. केंद्रीय जीएसटी कायदा, २०१७ च्या कलम १५(३) ने सुटीचे दोन प्रकार केले आहेत. विक्रीपूर्वी किंवा विक्रीच्या वेळी दिलेली आणि बिलात दाखवलेली सूट किमतीतून सरळ वजा होते. विक्रीनंतरच्या सुटीसाठी मात्र मूळ कायद्याची अट अशी की तिचा करार विक्रीच्या आधी किंवा त्या वेळी झालेला असावा. ही अट काढून टाकण्याची शिफारस जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२५ मध्ये केली, पण त्या शिफारशीतही क्रेडिट नोट सुटलेली नाही. थोडक्यात, ‘जाऊ द्या, देऊन टाका’ असे म्हणण्याइतकी ही गोष्ट सोपी नाही.

मग नकार द्यायचा कसा? सर्वात आधी बिल हातात घेऊन पुन्हा वाचायचे. हा देखावा नव्हे. एखादी साडी दोनदा लागली आहे का, गादीवर ठरलेला भाव बिलात तसाच उतरला आहे का, दारावरच्या फलकावर लिहिलेली सूट वजा झाली आहे का, हे खरोखर पाहायचे. यांतले काही चुकले असेल तर ग्राहक सूट मागत नसून स्वतःचे पैसे मागतो आहे आणि ते तिथल्या तिथे, दिलगिरीसह परत करायचे. जरीचा धागा निघालेला, पदरावर डाग, मापात कमी भरलेला ब्लाउजपीस, हेही याच वर्गात येते. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे बिलावर छापलेले असले तरी सदोष मालाला ते लागू पडत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

बिल बरोबर असेल तर उत्तर छोटे असावे, आणि ते मागणाऱ्याकडे पाहून, त्याचा मान ठेवून द्यावे. ‘‘मामा, तुमच्या माणसांनी गादीवरच भाव चांगला उतरवून घेतलाय. आता बिल झालं, त्यात मला हात घालता येत नाही. साड्या मात्र एकदा उलगडून बघून घ्या.’’ यात नकार स्पष्ट आहे, श्रेय मामांच्या घराला आहे आणि बोलणे पैशावरून मालावर आले आहे. यानंतर गप्प बसावे. बहुतेक दुकानदार इथेच घसरतात. शांतता सोसत नाही म्हणून ते कारणे देऊ लागतात आणि प्रत्येक कारण नवी घासाघीस उघडते. ‘‘परवडत नाही’’ म्हटले की ‘‘कितीला पडली सांगा’’ येते. ‘‘मालक नाहीत’’ म्हटले की ‘‘फोन लावा’’ येते. ‘‘पुढच्या वेळी बघू’’ हे तर सर्वात वाईट. ती उधारीच झाली आणि ग्राहक ती विसरत नाही. मागणी दुसऱ्यांदा आली तर तेच वाक्य, त्याच आवाजात. तिसऱ्यांदाही तेच. शब्द बदलले की ऐकणाऱ्याला वाटते, भिंत हलते आहे.

हा वाद चालू असताना पिशवी गल्ल्यामागे ओढून धरण्याची काहींना सवय असते. ती अशिष्ट तर आहेच, बेकायदेशीरही आहे. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम २० नुसार ठरावीक आणि देण्याजोग्या स्थितीतल्या मालाची मालकी बिनशर्त सौदा होताच ग्राहकाकडे जाते. किंमत न मिळालेल्या विक्रेत्याला माल अडवता येतो, पण पूर्ण पैसे घेतलेल्याला नाही. फॉल-पिकोला ठेवलेल्या साडीची गोष्ट थोडी वेगळी. विक्रेत्याने करून द्यायचे काम शिल्लक असेल तर कलम २१ प्रमाणे ते पूर्ण होऊन ग्राहकाला कळेपर्यंत मालकी पालटत नाही. भाव मात्र तेव्हाही ठरलेला तोच असतो. म्हणून साडी न्यायला आलेल्या दिवशी निघालेल्या सुटीलाही हेच उत्तर.

‘‘मग सगळंच परत घ्या’’ अशी धमकी क्वचित येते. माल निर्दोष असेल आणि दुकानाने परतीचे वचन दिलेले नसेल, तर परत घेण्याचे बंधन नाही. तरीही घडी न मोडलेल्या साड्या परत घेण्याची तयारी असलेला दुकानदार इथे सर्वात भक्कम असतो. ‘‘नको असतील त्या बाजूला काढा, तेवढे पैसे परत करतो’’ असे तो शांतपणे म्हणू शकतो. मुहूर्तावर घेतलेल्या साड्या मुलीच्या आईला परत द्यायच्या नसतातच, आणि मग मामांना गप्प करण्याचे काम ती करते.

बाकीचे गैरसमज एकेका वाक्याचे. ‘रोख नाही तर एक पीस वरून द्या, दुकानाला त्याचे काय पडते?’ भेट दिलेल्या मालावर दुकानाने भरलेल्या कराचे क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार मिळत नाही, म्हणजे पीसही गेला आणि करही. ‘निदान जीएसटी तरी सोडा’: तो सरकारचा असतो, दुकानदाराच्या हातात सोडण्यासारखे काही नसते. ‘यूपीआयने दिले, त्यावर सूट हवी’: यूपीआयवर व्यापाऱ्याला शुल्क न लावण्याचे धोरण जानेवारी २०२० पासून आहे, पण त्याचा अर्थ यूपीआयने दिल्यावर बिल कमी व्हावे असा होत नाही. ‘एमआरपी आहे म्हणजे त्याहून कमीच घ्यायला हवे’: एमआरपी ही वरची मर्यादा आहे, तेवढ्याच भावात विकणे पूर्ण कायदेशीर आहे. ‘आठवड्याने सेल लागला, फरक द्या’: तसे वचन खरेदीच्या वेळी दिलेले नसेल तर फरक देणे लागत नाही, मात्र सेल उद्याच लागणार हे माहीत असून ग्राहकाने विचारल्यावर ‘सेल नाही’ सांगितले असेल, तर ती लबाडी आहे आणि फरक देणेच योग्य.

गल्ल्यावरचा हा प्रसंग पुष्कळदा गादीवरच टाळता येतो. बिल करायला सांगण्यापूर्वी विक्रेत्याने वऱ्हाडातल्या सर्वात मोठ्या माणसाला बोलावून एकूण आकडा मोठ्याने वाचून दाखवावा, त्यातली सूट बोट ठेवून दाखवावी आणि ‘‘बिल करू का?’’ असे त्यालाच विचारावे. ज्याने स्वतः ‘करा’ म्हटले, तो पाच मिनिटांनी गल्ल्यावर तीन हजार मागत नाही.