दाखल करण्यापूर्वी दाव्याचा मसुदा तपासताना

दिवाणी न्यायालयात दाखल होणारा दावा अर्ज सहसा एका बैठकीत लिहून होत नाही. पक्षकाराने सांगितलेली हकिकत, आधी पाठवलेली नोटीस आणि संगणकात असलेला तशाच एखाद्या जुन्या दाव्याचा मसुदा यांतून तो आकार घेतो. मग पक्षकार काही सुचवतो, वरिष्ठ वकील एखादा परिच्छेद काढतात, नवा घालतात. या घडामोडींत सर्वांत आधी बिघडतात त्या तारखा, पक्षकारांची वर्णने आणि परिच्छेदांचे क्रमांक. शुद्धलेखन तपासणारी संगणकीय सोय इथे उपयोगी पडत नाही, कारण चुकीचा आकडाही आकडा म्हणून बरोबरच दिसतो.

उदाहरण म्हणून एक काल्पनिक दावा घेऊ. शेतजमिनीचे साठेखत झाले, ठरलेल्या मुदतीत खरेदीखत झाले नाही, म्हणून खरेदीदाराने कराराच्या पूर्ततेसाठी दावा आणला आहे. साठेखताचा मुद्रांक 8 एप्रिल 2022 रोजी घेतला, सह्या 12 एप्रिलला झाल्या आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदणी 13 एप्रिलला झाली. खरेदीखत 10 ऑक्टोबर 2022 पर्यंत करून द्यायचे ठरले होते.

एकाच दस्तावर तीन तारखा असल्याने मसुद्यात गोंधळ होतो. परिच्छेद 3 मध्ये साठेखत 12 एप्रिलचे, परिच्छेद 7 मध्ये 13 एप्रिलचे आणि कागदपत्रांच्या यादीत 8 एप्रिलचे असे लिहिले जाते. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने तिन्ही खऱ्या असतात, पण वाचणाऱ्याला ते तीन वेगळे दस्त वाटतात. दस्ताची ओळख एकाच तारखेने, म्हणजे सह्यांच्या तारखेने, सर्वत्र करावी आणि नोंदणीची तारीख व क्रमांक पहिल्या उल्लेखात एकदाच द्यावा.

याहून घातक चूक मुदतीच्या तारखेत होते. मुदत कायद्याच्या अनुच्छेद 54 नुसार अशा दाव्याला 3 वर्षे मिळतात, आणि पूर्ततेची तारीख ठरलेली असेल तर ती त्या तारखेपासून मोजतात. इथे शेवटचा दिवस 10 ऑक्टोबर 2025 येतो. दावा 6 ऑक्टोबर 2025 रोजी दाखल होणार आहे, म्हणजे तो मुदतीत आहे. पण ‘दाव्यास कारण’ सांगणाऱ्या परिच्छेदात 10/10/2022 ऐवजी 10/09/2022 टंकले गेले, तर दावा स्वतःच्याच कथनानुसार मुदतबाह्य ठरतो. प्रतिवादी लगेच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 7, नियम 11 खाली दावा अर्ज नामंजूर करण्याची मागणी करू शकतो, आणि त्या टप्प्यावर न्यायालय मुख्यतः दावा अर्जातील कथनेच पाहते. सोबतच्या साठेखतामुळे दावा वाचेलही, पण तेवढ्यासाठी युक्तिवाद करावा लागतो.

म्हणून तारखांची तपासणी मसुदा वरपासून खाली वाचून करू नये. वाचताना डोळा अर्थाच्या मागे जातो आणि आकडा निसटतो. मसुद्यातली प्रत्येक तारीख एका तक्त्यात उतरवावी: तारीख, घटना, परिच्छेद आणि ती कोणत्या कागदावरून घेतली. मग तक्ता कालक्रमाने लावावा. नोटिशीचे उत्तर नोटिशीच्या आधी आलेले दिसले, किंवा एकाच घटनेसमोर दोन तारखा आल्या, तर दोष लगेच उघड होतो. शेवटच्या रकान्याचे काम त्याहून महत्त्वाचे आहे. मसुद्यात सगळीकडे एकच तारीख असूनही ती चुकीची असू शकते, कारण पहिल्या टिपणातली चूक पुढे नकलत जाते. ती पकडायची तर मूळ कागद हातात घ्यावा लागतो. एकाने मूळ दस्त मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने मसुद्यात पाहावे, ही जुनी पद्धत यासाठी अजूनही उत्तम आहे. आदेश 6, नियम 2 प्रमाणे तारखा, रकमा व संख्या आकड्यांत तसेच अक्षरांत लिहायच्या असतात. हा नियम पाळला तर आकड्यातली चूक शेजारच्या अक्षरांतून आपोआप लक्षात येते.

पक्षकारांच्या बाबतीत दाव्याचे शीर्षक हाच आधार धरावा, पण आधी ते शीर्षक साठेखत आणि सातबाऱ्याशी ताडून पाहावे. आपल्या उदाहरणात जमीन दोघा भावांनी आणि त्यांच्या बहिणीने विकायचे कबूल केले होते. पहिल्या मसुद्यात थोरला भाऊ प्रतिवादी क्र. 1, धाकटा क्र. 2 आणि बहीण क्र. 3 होती. पुढे कळले की धाकटा भाऊ वारला आहे. त्याची पत्नी व मुलगा वारस म्हणून क्र. 2 आणि 3 झाले आणि बहीण क्र. 4 वर गेली. शीर्षक बदलले, मात्र परिच्छेद 8 मध्ये ‘प्रतिवादी क्र. 3 हिने इसाराची रक्कम स्वीकारली’ हे वाक्य तसेच राहिले. आता ती रक्कम अज्ञान मुलाने घेतल्याचे वाचले जाईल. विनंतीच्या परिच्छेदात ‘प्रतिवादी क्र. 1 ते 3 यांनी खरेदीखत करून द्यावे’ एवढेच उरले, तर हुकूमनाम्यातून बहीणच सुटते. मुलगा अज्ञान असल्याने शीर्षकात त्याचे वय व पालनकर्त्याचे नाव आहे का, हेही पाहावे लागते. लग्नानंतर बहिणीचे नाव बदलले असेल तर ‘उर्फ’ लावून दोन्ही नावे शीर्षकात द्यावीत आणि पुढे केवळ क्रमांक वापरावा.

नावातील किरकोळ चूक नंतर दुरुस्त होते. चुकीच्याच व्यक्तीवर दावा लावला गेला तर प्रकरण वेगळे होते. खरा पक्षकार मागाहून सामील केल्यास, मुदत कायद्याच्या कलम 21 नुसार त्याच्याविरुद्धचा दावा सामील केल्याच्या दिवशी दाखल झाला असे धरतात. चूक सद्भावनेने झाली अशी न्यायालयाची खात्री पटली तरच आधीची तारीख मिळू शकते.

परिच्छेदांचे संदर्भ तपासायचे काम अगदी शेवटी करावे, कारण एक परिच्छेद वाढला की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. मसुद्यात ‘परिच्छेद’ हा शब्द शोधून प्रत्येक संदर्भ उघडून पाहावा आणि तिथे तोच मजकूर आहे का हे वाचावे. वर्डमध्ये संदर्भ क्रॉस-रेफरन्सच्या सोयीने घातले असतील तर Ctrl+A आणि मग F9 दाबून ते अद्ययावत करावेत. मूळ परिच्छेद काढून टाकलेला असेल तर त्या जागी Error! Reference source not found. असे उमटते. हाताने टंकलेल्या क्रमांकांना ही सोय लागू नाही.

या चुकीची सर्वाधिक किंमत कैफियतीत मोजावी लागते. समजा, प्रतिवादीने रक्कम मिळाल्याचे नाकारायचे आहे आणि ते कथन दाव्याच्या परिच्छेद 8 मध्ये आहे. कैफियत आधीच्या मसुद्यावरून लिहिल्यामुळे त्यात ‘परिच्छेद 7 मधील मजकूर नाकबूल’ असे राहिले आणि 8 बद्दल एक शब्दही आला नाही. आदेश 8, नियम 5 प्रमाणे जे स्पष्टपणे नाकारले नाही ते कबूल धरले जाते. न्यायालय तरीही पुरावा मागू शकते, पण तो त्याचा स्वेच्छाधिकार आहे.

अखेरीस सत्यापन राहते. आदेश 6, नियम 15 प्रमाणे कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीने खरे आहेत आणि कोणते मिळालेल्या माहितीवरून खरे मानले आहेत, हे क्रमांकांनिशी सांगावे लागते. मसुदा 16 परिच्छेदांचा झाला असताना सत्यापनात ‘1 ते 14’ राहिले, तर शेवटचे दोन परिच्छेद सत्यापनाविनाच जातात. सत्यापन आणि शपथपत्राची तारीख कोरी ठेवून सहीच्या दिवशीच भरावी.

दाखल केल्यानंतर चूक सापडलीच तर आदेश 6, नियम 17 खाली दुरुस्ती अर्ज देता येतो. सुनावणी सुरू होण्यापूर्वी तो मिळणे तुलनेने सोपे असते. 2002 पासून लागू झालेल्या तरतुदीमुळे, सुनावणी सुरू झाल्यावर मात्र योग्य ती दक्षता घेऊनही ही बाब आधी मांडता आली नसती, हे न्यायालयाला पटवावे लागते. आपल्याच कागदावरील तारखेबाबत ते पटवणे अवघड जाते.